आवाज येतो, चित्र नाही. असा टीव्ही देऊन टाकण्याआधी खाती कशी काढायची?

निळी_छत्री (शुक्रवार, सकाळी ९:१०)

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या सॅमसंग स्मार्ट टीव्हीचं (२०१९ चं मॉडेल) महिन्यापूर्वी चित्र गेलं. आवाज व्यवस्थित येतो, रिमोटला प्रतिसाद देतो, पण पडदा काळा ठिक्कर. नवा टीव्ही घेऊन झाला आणि जुना माझा भाचा रविवारी न्यायला येतोय. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. उघडून बघणार, दुरुस्त झाला तर वापरणार, नाही तर कुणाला तरी देणार.

अडचण अशी की त्या टीव्हीत नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, यूट्यूब, सगळं माझ्याच नावाने उघडं आहे. साइन आउट करायला मेनू दिसायला हवा ना! घरचे म्हणतात, "मेलेल्या टीव्हीत कसलं आलंय खातं, दे तसाच." भाच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण त्याच्याकडून पुढे तो कुणाच्या घरी जाईल हे त्यालाही ठाऊक नाही. खरंच काही करायला हवं, की मी उगाच जीव खातेय?

जुना_सोल्डर (९:४२)

उगाच नाही. तुमचा टीव्ही मेलेला नाही, त्याचा फक्त दिवा विझलाय.

एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्या उजेड पाडतात आणि पुढचा पडदा चित्र उमटवतो. तुम्ही सांगताय ती लक्षणं (आवाज आहे, रिमोट चालतो, चित्र नाही) बहुतेक वेळा त्या पट्ट्या गेल्याची असतात. भाचा पडदा उतरवून नव्या पट्ट्या लावेल. तुमची खाती मात्र मेनबोर्डवरच्या मेमरीत बसली आहेत आणि त्या बोर्डाला तो हातही लावणार नाही, कारण तो ठणठणीत आहे. म्हणजे ज्या दिवशी उजेड परत येईल त्या दिवशी समोर तुमचंच नेटफ्लिक्स, तुमचंच प्रोफाइल, जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू.

काम दोन टोकांना आहे. एक टोक टीव्हीत, दुसरं तुमच्या खात्यात. खात्याकडचं काम फोनवरून होतं, त्याला टीव्हीचा पडदा लागत नाही, म्हणून तिथून सुरुवात करा. टीव्हीकडच्या कामालाही वाट आहे. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्ही लावा, रिमोटवरचं होम बटण दाबा आणि फोनचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा. मागचा दिवा गेला असेल तर टॉर्चच्या गोलात चित्र अंधुक दिसतं. तळहाताएवढा तुकडा दिसेल, पण अक्षरं वाचता येतात. दिसतंय का ते सांगा, मग पुढचं बोलू.

पासवर्ड_पंडित (१०:०५)

एवढा खटाटोप कशाला? सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदला, दहा मिनिटांचं काम. पासवर्ड बदलला की टीव्हीतला जुना चालणारच नाही. मी नेहमी असंच करतो.

जुना_सोल्डर (१०:२८)

पंडितजी, निम्मं बरोबर आहे. टीव्हीत पासवर्ड साठवलेलाच नसतो. पहिल्यांदा लॉगिन करताना सेवेचा सर्व्हर टीव्हीला एक टोकन देतो, म्हणजे आत येण्याचा पास म्हणा. पुढे टीव्ही रोज तो पास दाखवतो, पासवर्ड कोणी विचारत नाही. त्यामुळे पासवर्ड बदलला की पास आपोआप रद्द होतो की नाही, हे ज्या त्या सेवेने ठरवलेलं असतं.

नेटफ्लिक्समध्ये पासवर्ड बदलताना सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करायचं का, अशी एक खूण असते. ती काढून टाकली तर जुना टीव्ही आरामात चालू राहतो. गूगलने तर स्वतःच्या मदतपानावर लिहून ठेवलंय की पासवर्ड बदलल्यावर बहुतेक ठिकाणी साइन आउट होतं, पण काही अपवाद राहतात. त्यात तुम्ही परवानगी दिलेली घरातली उपकरणं आणि दुसऱ्या कंपन्यांची ॲप असलेली उपकरणंही आली. सॅमसंगच्या टीव्हीवरचं यूट्यूब नेमकं तिथेच सापडायची शक्यता आहे.

पासवर्ड बदलायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून टीव्ही दाराबाहेर काढू नका.

आजोबा_ऑनलाइन (११:१५)

माझाही हाच प्रश्न होता. टीव्ही रीसेट केल्यावर वर्गणी आपोआप बंद होते ना? की दर महिन्याला पैसे कापत राहतील? आमच्या सुनेने जुना टीव्ही रीसेट करून दिला होता, तरी पैसे जातातच आहेत. रीसेट नीट झाला नसावा असं मला वाटतं.

निळी_छत्री (११:३१)

आजोबा, मला वाटतं तो वेगळा विषय आहे. मला वर्गणी बंद करायची नाहीये, नव्या टीव्हीवर तीच चालू आहे. जुन्या टीव्हीतून फक्त मी बाहेर पडायचंय.

जुना_सोल्डर (११:५०)

आजोबा, सूनबाईंनी रीसेट नीटच केला असणार. वर्गणी खात्याला लागते, टीव्हीला नाही. टीव्ही भंगारात गेला, जळला, नदीत पडला तरी खातं जिवंत आहे तोवर पैसे जाणार. नको असेल तर त्या त्या सेवेच्या वेबसाइटवर खात्यात जाऊन ती रद्द करा. फोनच्या ॲप दुकानातून घेतली असेल तर तिथून रद्द करावी लागते.

आजोबा_ऑनलाइन (१२:०४)

बरं. म्हणजे उगाच सुनेला बोललो. संध्याकाळी बघतो.

निळी_छत्री (शुक्रवार, संध्याकाळी ७:२०)

खात्याकडचं टोक केलं. त्यात एक घोळ घातला, तो सांगते म्हणजे दुसरा कुणी घालणार नाही.

नेटफ्लिक्स वेबसाइटवर Account मध्ये Manage access and devices उघडलं (पत्ता netflix.com/ManageDevices). तिथे उपकरणांची यादी, प्रत्येकापुढे शेवटचं कधी पाहिलं, कुठल्या प्रोफाइलवरून पाहिलं आणि Sign Out. नवा टीव्हीही सॅमसंगचाच, त्यामुळे यादीत दोन जवळजवळ सारखी नावं. मी घाईत वरचं काढलं. पाच मिनिटांनी बाहेरच्या खोलीतून आरडाओरडा, "टीव्ही पुन्हा लॉगिन मागतोय!" तारखा न वाचता बटण दाबल्याचं फळ. जुना महिनाभर बंद होता हे यादीत स्वच्छ लिहिलं होतं.

प्राइम व्हिडिओच्या वेबसाइटवर Account & Settings मध्ये Your Devices आहे, तिथे प्रत्येक उपकरणासमोर Deregister. या वेळी चष्मा लावून नीट वाचून दाबलं.

यूट्यूब मात्र सापडेना. गूगल खात्याच्या Your devices मध्ये माझा फोन आहे, लॅपटॉप आहे, टीव्ही नाहीच. मग ते कुठे काढायचं?

जुना_सोल्डर (७:४८)

यूट्यूबपाशी बहुतेकांची गाडी इथेच अडते. टीव्ही गूगलच्या प्रणालीवर चालणारा असेल (अँड्रॉइड टीव्ही, गूगल टीव्ही) तर तो Your devices मध्ये दिसतो आणि तिथून साइन आउट होतो. सॅमसंग किंवा एलजीचा टीव्ही गूगलच्या दृष्टीने परका. त्याला तुम्ही फोनवरून कोड देऊन परवानगी दिलेली असते, म्हणून तो परवानग्यांच्या यादीत शोधायचा. myaccount.google.com/connections उघडा. तिथे YouTube on TV असं नाव असेल. त्यावर जाऊन परवानगी काढून घ्या.

ही परवानगी एकेका टीव्हीची नाही हे आधीच सांगून ठेवतो. ती काढली की असे सगळे टीव्ही एकदम बाहेर पडतात, नवासुद्धा. बाहेरच्या खोलीला आधी कल्पना द्या.

निळी_छत्री (८:१५)

दिली कल्पना. या वेळी आरडाओरडा नाही, फक्त उसासे. काढलं.

कोपऱ्यातली_खुर्ची (८:३३)

माझीही कथा ऐका, कारण मी यापेक्षा मोठा मूर्खपणा केलाय. मागच्या वर्षी टीव्ही देताना मी अगदी शहाण्यासारखं सगळं केलं. प्रत्येक ॲपमधून साइन आउट, मग फॅक्टरी रीसेट, भाषा निवडायचा पडदा आला तसा प्लग काढला. टीव्ही गेला. तीन आठवड्यांनी प्राइमवर माझ्या "पुढे पाहा" यादीत कुणीतरी लहान मुलांच्या कार्टूनचे चौदा भाग पाहून ठेवलेले.

विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली आणि मग आठवलं, टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या खोबणीत फायर टीव्ही स्टिक तशीच राहिली होती! टीव्ही पुसून लख्ख आणि मागे माझं आख्खं खातं लटकतंय. टीव्हीचा रीसेट स्टिकला शिवतही नाही, तो वेगळाच यंत्रोबा आहे. नशीब, अ‍ॅमेझॉनच्या साइटवर Manage Your Content and Devices मध्ये Devices खाली ती सापडली आणि घरबसल्या Deregister करता आली. स्टिक परत मागायला मात्र जीभ रेटली नाही.

निळी_छत्री (८:४०)

खुर्ची, तुमचं वाचून आत्ता उठून मागे हात घालून पाहिला. स्टिक नाही, पण एक पेन ड्राइव्ह निघाला. सहलीचे फोटो. वाचवलंत.

दुसरी_घंटा (शुक्रवार, रात्री ९:०५)

छत्रीताई, एक विचारू? सगळे चित्राच्या मागे लागलेत. मला जन्मापासून दिसत नाही आणि मी टीव्ही रोज वापरतो. तुमच्या टीव्हीचा पडदा काळा आहे, माझ्यासाठी सगळ्यांचेच काळे.

तुमच्या सॅमसंगमध्ये Voice Guide आहे. रिमोटवरचं आवाजाचं बटण आतल्या बाजूला दाबून सेकंदभर धरून ठेवा. एक छोटी यादी उघडते आणि त्यात Voice Guide वरच असतं. ते चालू केलं की बाणाने जिथे जाल तिथलं नाव टीव्ही मोठ्याने वाचतो. इंग्रजीत वाचेल, थोडं भरभर, पण कान दोन मिनिटांत सरावतो. मी याच पद्धतीने गेल्या वर्षी मित्राचा टीव्ही रीसेट करून दिला. तो शेजारी बसून म्हणत होता, "थांब, मी बघून सांगतो." मी म्हटलं, गरज नाही.

जुना_सोल्डर (९:१२)

हे माझ्या डोक्यातच आलं नाही. टॉर्चपेक्षा कितीतरी सरळ. ताई, दोन्ही एकत्र वापरा. कान वाट दाखवतील आणि पुसण्याच्या शेवटच्या बटणावर टॉर्चने खात्री करून घ्या.

मार्ग सांगतो. होम, मग डावीकडे Settings, तिथे General, आणि त्या यादीच्या अगदी तळाशी Reset. २०२२ पासूनच्या मॉडेलमध्ये General च्या जागी General & Privacy असतं. पिन विचारेल. तुम्ही कधी बदलला नसेल तर तो 0000 आहे. Picture किंवा Sound च्या आतही Reset नावाचं बटण सापडेल, त्याला फसू नका. ते फक्त रंग आणि आवाज मूळ पदावर नेतं, खात्यांना हात लावत नाही. पिन मागितला नाही तर समजा की चुकीच्या रीसेटवर आहात.

आणि एकदा सुरू झालं की टीव्ही स्वतःहून बंद होऊन परत लागेपर्यंत प्लग काढायचा नाही. पडदा काळा असल्यामुळे "अडकला वाटतं" असं वाटून हात जाईल. अर्धवट पुसताना वीज गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो आणि मग भाच्याला खरोखर मेलेला टीव्ही मिळेल.

पासवर्ड_पंडित (९:३०)

त्यापेक्षा मागचं झाकण उघडून तो बोर्डच काढून घ्या की. ना राहील बांस.

जुना_सोल्डर (९:४१)

मग भाच्याने काय करायचं, मागचा पत्रा पुसायचा? बोर्ड काढला की दुरुस्तीचा प्रश्नच मिटला. शिवाय मागचं झाकण उघडल्यावर शेजारीच वीजपुरवठ्याचा बोर्ड असतो. त्यावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ चांगलाच झटका बसेल इतका भार राहतो. सवय नसलेल्याने तिथे बोट घालू नये.

निळी_छत्री (शनिवार, सकाळी ८:०५)

काल रात्रीचा वृत्तांत.

आवाजाचं बटण धरलं, आणि महिनाभर मुका बसलेला टीव्ही इंग्रजीत बोलू लागला. घंटादादा, काय सांगू, अंगावर काटा आला. नवऱ्याला बोलावून टॉर्च धरायला लावला. सुरुवातीला काहीच दिसेना, कारण आम्ही टॉर्च सरळ समोरून मारत होतो आणि नुसता चकाकत होता. पडद्याच्या कडेने तिरका धरल्यावर होम पट्टीवरचं नेटफ्लिक्सचं चौकोन दिसलं, अगदी पाण्याखाली ठेवल्यासारखं.

उत्सुकतेने ते उघडून पाहिलं. दुपारी वेबवरून साइन आउट केलेलं, आणि तिथे खरंच लॉगिनचा पडदा आला! म्हणजे खात्याकडचं टोक लागू पडलंय. (हो, या वेळी बरोबर टीव्ही काढला होता.)

मग Settings, General, आणि खाली खाली खाली. Voice Guide "Reset" म्हणाला. ओके दाबलं, पिनचे चौकोन आले, बाणाने शून्यावर जाऊन चार वेळा ओके. पुन्हा खात्री विचारली, टॉर्चने वाचलं, दाबलं. टीव्ही बंद झाला, परत लागल्यासारखा वाटला, आणि त्यानंतर ना आवाज, ना Voice Guide. टॉर्चमध्ये फिकट करडा पडदा, काही अक्षरं असतील तर वाचता आली नाहीत. आवाजाचं बटण धरूनही काही बोलेना.

झालंय की नाही हे कसं ओळखायचं? बारा मिनिटं थांबून मग प्लग काढला.

दुसरी_घंटा (८:२२)

Voice Guide गप्प झाला ही चांगली खूण आहे. तुम्ही चालू केलेलं सेटिंगही रीसेटबरोबर पुसलं गेलं. पण पुरावा म्हणून तेवढं पुरे नाही, आवाजाचं दुसरं काही बिघडलं असेल तरी असंच होईल. दिसत नसताना पक्कं कसं ठरवायचं ते सोल्डरदादा सांगतील.

जुना_सोल्डर (८:५०)

टीव्हीला विचारू नका, राउटरला विचारा. रीसेट झाला असेल तर टीव्ही तुमच्या वाय-फायचा पासवर्ड विसरला असणार, आणि मग तो राउटरला जोडला जाऊच शकत नाही. टीव्ही लावा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी पाहा. टीव्ही दिसला नाही तर पुसला गेला. टीव्हीला मागून इंटरनेटची केबल असेल तर ती आधी काढा, केबलला पासवर्ड लागत नाही.

निळी_छत्री (शनिवार, सकाळी ९:२५)

यादीत आहे!! नाव Samsung, खाली तोच पत्ता. म्हणजे पुसलाच नाही? परत सगळं करायचं?

जुना_सोल्डर (९:३३)

थांबा. नवा टीव्हीही सॅमसंग आहे ना?

निळी_छत्री (९:३५)

त्याचं नाव वेगळं दिसतंय, तोही यादीत आहे. एकूण दोन.

जुना_सोल्डर (९:४७)

मग बहुधा तुम्ही दुसरी यादी पाहताय. राउटरमध्ये दोन याद्या असतात. एकात आत्ता जोडलेली उपकरणं, आणि दुसरीत ज्यांना राउटरने पत्ता वाटून दिलाय ती. वाटलेला पत्ता मुदत संपेपर्यंत, बऱ्याच राउटरमध्ये दिवसभर, वहीत तसाच राहतो, उपकरण तिथे असो वा नसो. काल तुम्ही रीसेटच्या आधी टीव्ही लावून नेटफ्लिक्स उघडलंत, तेव्हाची ती नोंद असणार.

तपासायचं असं. जुन्या टीव्हीचा प्लग भिंतीतून काढा. नुसता रिमोटने बंद करू नका, बंद असतानाही काही टीव्ही जाळ्याला चिकटून असतात. पाच मिनिटांनी यादी ताजी करा. नाव तरीही तिथेच असेल तर ती यादी वहीतली आहे, तिच्यावर विश्वास नको. मग राउटर बंद करून चालू करा, टीव्ही परत लावा आणि पुन्हा पाहा.

निळी_छत्री (१०:२०)

प्लग काढला, तरी नाव तिथेच. राउटर बंद-चालू केला, टीव्ही लावला, दहा मिनिटं थांबले. आता यादीत एकच सॅमसंग, तो नवा. जुना गायब. हुश्श.

आणखी एक. फोनमधल्या SmartThings ॲपमध्ये जुन्या टीव्हीचं कार्ड अजून आहे, पण Offline दाखवतंय. काढू?

जुना_सोल्डर (१०:३१)

काढा. रीसेट झाल्यामुळे आता ते नुसतं भूत आहे. रीसेट न करता दिलेल्या टीव्हीचं असं कार्ड मात्र गंमत करतं. ओळखीच्या एकाने दिलेला टीव्ही नव्या घरी तसाच जुन्या खात्यावर राहिला. हा इकडे फोनवरून आपला टीव्ही लावायला जायचा आणि चुकून दुसऱ्या गावात तो टीव्ही रात्री अकराला लागायचा. त्यांना वाटलं टीव्ही झपाटलाय.

मृगजळ (११:१०)

सगळं ठीक, पण रीसेटने खरंच पुसलं जातं का? फोनमधून डिलीट केलेले फोटो परत काढतात, तसं कुणी टीव्हीच्या चिपमधून काढलं तर? मी तर वाय-फायचा पासवर्डसुद्धा बदलला असता. भाचा इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे म्हणता.

जुना_सोल्डर (११:३४)

चिप बोर्डवरून उखडून वाचता येते, हे मान्य. पण ताईंनी खात्याकडून पास आधीच रद्द केलेत. आता चिपमधून टोकन सापडलं तरी ते रद्द झालेलं तिकीट आहे, सर्व्हर आत घेणार नाही. म्हणून तर मी दोन्ही टोकं म्हणत होतो. राहता राहिला वाय-फायचा पासवर्ड. तो वापरायला माणूस तुमच्या घराच्या आसपास यायला हवा. एवढ्यासाठी कुणी चिप उखडेल असं मला वाटत नाही.

मृगजळ (११:४०)

तुम्हाला वाटत नाही, हा तुमचा भरवसा झाला. वाय-फायचा पासवर्ड बदलायला पाच मिनिटं लागतात.

निळी_छत्री (११:५२)

पाच मिनिटं राउटरला आणि मग दोन दिवस घरातल्या सगळ्या फोन, लॅपटॉप, प्रिंटरच्या विनवण्या करायला. भाच्याला माझा वाय-फाय पासवर्ड पाठ आहे, त्यानेच ठेवलाय तो! नाही बदलत.

मृगजळ (११:५५)

तुमची मर्जी. मी बदलला असता.

कोपऱ्यातली_खुर्ची (दुपारी २:१०)

तो पेन ड्राइव्ह सॅमसंगच्याच मागे होता ना? मग फोटो ठीक उघडतील. आमच्या अँड्रॉइड टीव्हीला जागा कमी पडायची म्हणून मी पेन ड्राइव्ह टीव्हीचीच साठवण म्हणून जोडला होता. रीसेटनंतर तो संगणकाला लावला तर उघडेना, फॉरमॅट करा म्हणाला. काय झालं असेल?

जुना_सोल्डर (२:४५)

अँड्रॉइड असा ड्राइव्ह कुलूपबंद करून वापरतं आणि किल्ली टीव्हीत ठेवतं. टीव्ही रीसेट झाला की किल्ली गेली. आतला मजकूर आता तुम्हालाही मिळणार नाही. ड्राइव्ह फॉरमॅट करून पुन्हा वापरता येईल, तेवढंच. त्यात काही हवं असेल तर रीसेटच्या आधी टीव्हीतूनच दुसरीकडे हलवायला हवं होतं.

कोपऱ्यातली_खुर्ची (२:५०)

गेलं म्हणजे गेलं. चला.

निळी_छत्री (पुढच्या शनिवारी, सकाळी ११:३०)

भाच्याने नव्या पट्ट्या लावल्या. जुन्यांपैकी एका पट्टीवरचे दोन एलईडी काळे पडले होते म्हणे. दिवा लागला आणि पडद्यावर थेट भाषा निवडायची यादी. त्याने फोटो पाठवलाय. माझं नाव कुठेही नाही. पुढचं सेटअप करताना त्याने चुकून घरगुतीऐवजी दुकानातल्या प्रदर्शनाचा पर्याय निवडला, त्यामुळे दर थोड्या वेळाने टीव्ही स्वतःची जाहिरात करायला लागला. आता तो परत रीसेट करतोय.

सुतळी (पुढच्या शनिवारी, दुपारी १२:४५)

धागा वाचून काढला. माझ्याकडे ओएलईडी आहे. पडदा फुटलाय, आवाज येतो. टॉर्च मारला, काहीच नाही.

जुना_सोल्डर (१:२०)

ओएलईडीला मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो. तो गेला तर टॉर्चला दाखवायला काही उरत नाही. घंटादादांचा मार्गच तुमच्या कामाचा. कंपनी आणि मॉडेल सांगा. काही टीव्हींना मागचं बटण दाबून धरून प्लग लावला तर रीसेट होतो, पण ते मॉडेल पाहिल्याशिवाय सांगणं धोक्याचं. तोवर खात्याकडचं टोक आजच करून टाका.

सुतळी (१:२६)

मॉडेल मागे लिहिलंय, टीव्ही भिंतीला टांगलाय, काढायला दोघं लागतील. रात्री सांगतो.